आठवा संकर आणि त्याचा जमाखर्च
आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, लॉस बान्योस : एक मागोवा

फिलिपिन्सची राजधानी मनिला. तिथून दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवर, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी लॉस बान्योस नावाचे गाव आहे. १९६० साली इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. फोर्ड आणि रॉकफेलर या दोन अमेरिकन प्रतिष्ठानांनी फिलिपिन्स सरकारशी करार करून ती उभी केली. फोर्डने इमारतींचा खर्च दिला. मेक्सिकोत गहू-मक्याच्या संशोधनाचा अनुभव घेतलेल्या रॉकफेलरने माणसे आणि कामाची पद्धत दिली, आणि जमीन मिळाली ती फिलिपिन्स विद्यापीठाच्या शेजारच्या कृषी महाविद्यालयाकडून. पहिले संचालक रॉबर्ट चँडलर हे मृदाशास्त्रज्ञ. ७ फेब्रुवारी १९६२ रोजी संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले, तेव्हा खाचरांत प्रयोगांची लावणी सुरू होऊन गेली होती.

संस्थेच्या पहिल्या तीस वर्षांत दोन गोष्टी घडल्या. आशियातल्या भाताचे उत्पन्न वाढवणारे बियाणे तिने दिले आणि त्या वाढीसाठी काय मोजावे लागले, त्याचा बराचसा हिशेबही तिच्याच खाचरांत निघाला. हा लेख त्या दोन्हींविषयी आहे.

खत घातले की भात लोळतो

उष्ण प्रदेशातल्या जुन्या भातजाती उंच वाढणाऱ्या. माणसाच्या खांद्याला लागतील इतकी ताटे, लांब लोंबती पाने आणि भरपूर पेंढा. तण आणि पाणी यांच्यावर मात करायला ही उंची उपयोगी पडत असे. पण अशा भाताला नत्र दिले की ते उंची आणि पाने वाढवण्यातच खर्ची पडे. वरची पाने खालच्यांवर सावली धरत, ताट नाजूक होई आणि लोंबी भरण्याच्या सुमाराला वारा-पाऊस आला की पीक आडवे होई. लोळलेले भात चिखलात कुजते, त्यावर उंदीर तुटून पडतात, आणि उभ्या पिकातून मिळाले असते तेवढेही धान्य हाती लागत नाही. भातात खत घालायला शेतकरी नाखूश असे तो अज्ञानामुळे नव्हे. त्या जातींच्या बाबतीत त्याचा हिशेब बरोबरच होता.

त्यामुळे संस्थेपुढचा पहिला प्रश्न खताचा नव्हता, ताटाचा होता. बुटके, ताठ ताट हवे. पाने उभी हवीत, म्हणजे ऊन खालपर्यंत पोचेल. शिवाय दिवसाच्या लांबीवर अवलंबून न राहता कोणत्याही हंगामात ठरल्या दिवसांत तयार होणारी जात हवी. पैदासकार पीटर जेनिंग्ज आणि तैवानहून आलेले आनुवंशशास्त्रज्ञ ते-त्झू चांग यांनी गोळा झालेल्या वाणांतून असे गुण शोधायला सुरुवात केली.

आठवा संकर

१९६२ साली जेनिंग्ज यांनी ३८ संकर केले. त्यांतला आठवा संकर ‘पेटा’ आणि ‘डी-जिओ-वू-जेन’ यांचा. पेटा मूळची इंडोनेशियाची उंच, जोमदार जात. डी-जिओ-वू-जेन तैवानची ठेंगणी. या संकराचे जेमतेम १३० दाणे मिळाले. त्यांची पहिली पिढी उगवली ती सगळी उंच. पुढच्या पिढीत सुमारे दहा हजार रोपे लावली, तेव्हा तीन उंचांमागे एक ठेंगणे असे प्रमाण दिसले. मेंडेलचे नियम शिकलेल्या माणसाला त्यातून लगेच उमगावे अशी गोष्ट उमगली : ठेंगणेपणा एकाच अप्रभावी जनुकामुळे येतो. गुण एकाच जनुकात असेल तर तो हव्या त्या जातीत पटकन आणता येतो. पुढची सगळी घाई शक्य झाली ती यामुळे.

उंच रोपे काढून टाकली. १९६३ मध्ये टेक्सासहून हेन्री बीचेल आले आणि निवडीचे काम त्यांच्याकडे गेले. २८८ व्या ओळीतले तिसरे रोप त्यांनी निवडले. आयआर८-२८८-३ हे नाव त्यावरून पडले : संस्थेचा आठवा संकर, ओळ २८८, रोप ३.

आता खताची परीक्षा उरली होती. ती घेतली सुरजित कुमार डे दत्ता या भारतीय पीकशास्त्रज्ञाने. नत्राच्या चढत्या मात्रा देऊन त्यांनी जुन्या जातींबरोबर ही नवी ओळ लावली. नत्र वाढवले की पेटाचे उत्पन्न घसरू लागे, कारण ती लोळे. आयआर-८ मात्र ताठ उभी राही आणि दर वाढत्या मात्रेला अधिक दाणे देई. १९६६ च्या उन्हाळी हंगामात हेक्टरी १२० किलो नत्रावर तिने ९.४ टन भात दिले. त्या काळी फिलिपिन्सची सरासरी हेक्टरी एक-सव्वा टनाच्या आसपास होती.

हा आकडा नीट वाचायला हवा. जुन्या जातींत पिकाच्या एकूण वजनापैकी सुमारे तीस टक्के भाग दाण्याचा आणि बाकीचा पेंढ्याचा असे. आयआर-८ मध्ये दाणा आणि पेंढा जवळपास निम्मेनिम्मे. म्हणजे उत्पन्नवाढीचा मोठा हिस्सा पेंढ्याकडून दाण्याकडे वळवलेला होता. छपराला, गुरांना पेंढा लागणाऱ्या घराला हा बदल तेव्हाच जाणवला. दुसरे असे की ९.४ टन हे संस्थेच्या शेतावरचे, भरपूर ऊन असलेल्या कोरड्या हंगामातले, पाणी हुकमी असतानाचे, वेळेवर निंदणी आणि फवारणी झालेले उत्पन्न होते. खतच घातले नाही तरी तिथे आयआर-८ जुन्या जातींइतके किंवा थोडे अधिक पिके. मात्र मोठा फरक दिसे तो पाणी, नत्र आणि राखण हे तिन्ही जुळून आल्यावर.

दोन किलोची पुडी

२८ नोव्हेंबर १९६६ रोजी संस्थेने आयआर-८ हे नाव अधिकृतपणे जाहीर केले. बियाणे त्याआधीच गावोगावी गेले होते. कोणीही शेतकऱ्याने लॉस बान्योसला यावे, नाव-गाव नोंदवावे आणि दोन किलो बियाणे फुकट न्यावे, अशी सोय केली होती. दोन हजारांहून अधिक शेतकरी येऊन गेले. फिलिपिन्सच्या वर्तमानपत्रांनी तिला ‘चमत्कारी भात’ म्हटले, आणि हे नाव संस्थेला आवडो न आवडो, चिकटले.

शेतकऱ्याला उत्पन्नाइतकाच आवडला तो तिचा कालावधी. पेटा तयार व्हायला साडेपाच महिने घेई, आयआर-८ चार-सव्वाचार महिन्यांत कापणीला येई. पाणी असेल तिथे वर्षात दुसरे पीक शक्य झाले. एका खाचराने वर्षाला किती धान्य दिले, हा हिशेब मांडला तर दुसऱ्या पिकाचा वाटा पहिल्याच्या वाढीइतकाच मोठा ठरतो.

भारतात १९६५ साली हैदराबादेत अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प सुरू झाला होता. त्याच्यामार्फत आयआर-८ च्या चाचण्या झाल्या. आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातले नेक्कांती सुब्बा राव यांनी १९६७ मध्ये आपल्या शेतात घेतलेले तिचे पीक पाहायला दूरदूरचे लोक जात. आपल्या कोकणात आयआर-८ पेक्षा तिची लेक ओळखीची. कटकच्या केंद्रीय संस्थेने टीकेएम-६ आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ बारीक दाण्याची आणि लवकर येणारी, म्हणून ती इथे रुळली.

आयआर-८ स्वतः जेवणाच्या ताटात फार काळ टिकली नाही. दाणा जाड, पोटात खडूसारखा पांढरा. गिरणीत कण्या फार पडत आणि शिजलेला भात निवला की टणक होई. बाजारात तिला दर कमी मिळे. १९६९ मध्ये आलेली आयआर-२० खाण्याला बरी होती. पण चवीचा दोष सुधारता येण्याजोगा होता. खरी अडचण खाचरात वाढत होती.

तुडतुडे

संस्थेच्या सुरुवातीच्या शिफारशीत कीटकनाशक हे बियाण्या-खताच्या बरोबरीचे अंग होते. खोडकिडा हा तेव्हाचा मुख्य शत्रू. त्यासाठी खाचराच्या पाण्यात लिंडेनचे दाणे टाकण्याची पद्धत संस्थेच्याच कीटकशास्त्र विभागात बसवली गेली. शेतकऱ्यापर्यंत पोचेपर्यंत ही शिफारस तारखांचे वेळापत्रक होऊन गेली : लावणीनंतर इतक्या दिवसांनी पहिली मात्रा, मग दुसरी, मग तिसरी. खाचरात कीड आहे का, हे पाहण्याची गरजच त्यात नव्हती.

१९७३ मध्ये फिलिपिन्स सरकारने ‘मासागाना ९९’ ही मोहीम काढली. हेक्टरी ९९ पोती भात हे लक्ष्य. तारणाशिवाय कर्ज आणि त्या कर्जातून बियाणे, खत व औषध असा एकत्र संच. सुरुवातीला उत्पादन वाढले, देशाने थोडा तांदूळ निर्यातही केला. पण कर्जवसुली वर्षागणिक घसरत गेली. संच घेणाऱ्याने औषध वगळून फक्त खत घेण्याची सोय नव्हती, आणि पीक बुडाले तरी कर्ज उरत होते.

याच काळात तपकिरी तुडतुड्यांनी डोके वर काढले. पूर्वी ही किरकोळ कीड होती. १९७३-७४ मध्ये लॉस बान्योसच्या आसपासच्या लगुना प्रांतात आणि त्याच सुमारास आपल्याकडे केरळातल्या कुट्टनाडात तिने मोठे नुकसान केले. चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या किंचित वर बसून हे तुडतुडे रस शोषतात. आधी शेतात गोलाकार पिवळे चट्टे दिसतात, मग ते वाळून तपकिरी होतात आणि आठवड्याभरात आग लागून गेल्यासारखे दिसतात. वरून पाहणाऱ्याला पीक हिरवेगार दिसत असते, तेव्हाच खाली बुंध्याशी कीड दाटलेली असते.

संस्थेने पहिले उत्तर दिले ते बियाण्यातून. १९७३ मध्ये तुडतुड्यांना दाद न देणारी आयआर-२६ आली. दोन-तीन वर्षांत तुडतुड्यांचा नवा प्रकार पुढे आला आणि तिचा प्रतिकार मोडला. १९७६ मध्ये गुरुदेव खुश यांच्या हाताखाली आयआर-३६ तयार झाली. तिच्या वंशावळीत अनेक देशांचे वाण आहेत आणि उत्तर प्रदेशातून आलेला एक रानभातही आहे. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या खुरट्या गवताळ रोगाला प्रतिकार करणारे वाण शोधताना संग्रहातले सहा हजारांवर नमुने तपासले होते, आणि तो गुण या एकाच रानभाताच्या नमुन्यातल्या मोजक्या रोपांत सापडला होता. आयआर-३६ ११० दिवसांत येई आणि १९८० च्या दशकात आशियात ती सुमारे एक कोटी हेक्टरांवर पसरली. एकच जात एवढ्या मोठ्या क्षेत्रावर असली की कीडही त्या एकाच जातीला सरावते. १९८२ च्या सुमारास तेच घडले.

दरवेळी प्रतिकार इतक्या लवकर का मोडतो? यामागचे अर्धे कारण बियाण्यात नव्हतेच. संस्थेच्या शेतांवर आणि आसपास १९७० च्या दशकाच्या शेवटी पीटर केनमोर या तरुण संशोधकाने साधी तुलना मांडली : काही खाचरे फवारलेली, काही न फवारलेली. न फवारलेल्या खाचरांत तुडतुडे होते, पण आटोक्यात. फवारलेल्या खाचरांत त्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. कारण खाचरातच होते. तुडतुड्याची मादी अंडी पर्णकोषाच्या आत, पेशींमध्ये घालते. फवारा तिथे पोचत नाही. तो पोचतो तुडतुडे खाणाऱ्या कोळ्यांपर्यंत आणि त्यांची अंडी शोषणाऱ्या ढेकणांपर्यंत. आठवड्याभरात अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारे कोणी उरलेले नसते. शेतकरी पुन्हा फवारतो आणि चक्र पुढे सरकते. अशा खाचरात तुडतुड्यांची संख्या सतत मोठी राहिल्याने प्रतिकारी जातीवर मात करणारा प्रकारही लवकर निपजतो.

हे निष्कर्ष धोरणात उतरले ते इंडोनेशियात. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत औषधांवरचे सरकारी अनुदान संपले. भाताचे उत्पादन घटले नाही, पुढच्या वर्षांत ते वाढतच गेले. १९८९ पासून तिथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. त्यांत शिकवले जाई ते एवढेच : दर आठवड्याला खाचरात उतरा, चूड हलवून बुंध्याशी पाहा, तुडतुडे किती आणि कोळी किती ते मोजा, आणि मगच काय करायचे ते ठरवा.

आणखी एक खर्च उशिरा मोजला गेला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी फिलिपिन्सच्या भातशेतकऱ्यांची वैद्यकीय तपासणी करवली. फवारणी करणाऱ्यांत डोळे, त्वचा आणि श्वसनाचे विकार अधिक आढळले. त्यांच्या औषधपाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च हिशेबात धरला, तेव्हा अजिबात न फवारणे हा बहुतेक वर्षांत सर्वांत किफायतशीर मार्ग ठरला. ज्या संस्थेने वेळापत्रक दिले होते, तिच्याच कागदांनी ते खोडून काढले.

नत्र कुठे जाते

खताचा हिशेब याहून संथ उलगडला. हेक्टरी १२० किलो नत्र म्हणजे एकरी सुमारे १०५ किलो युरिया, दोन पोत्यांहून थोडा अधिक. डे दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिले, तेव्हा खाचराच्या पाण्यात फोकलेल्या युरियातला साधारण तीस ते चाळीस टक्केच नत्र पिकाला मिळतो, असे दिसले. म्हणजे दोन पोत्यांतले एकाहून अधिक पोते वाया जाते.

जाते ते मुख्यतः हवेत. पाण्यात विरघळलेल्या युरियाचे अमोनियम होते. उन्हात पाण्यातले शेवाळ वाढते आणि दिवसा पाण्यातला कर्बवायू शोषून घेते, त्यामुळे दुपारी पाणी आम्लविम्लतेच्या मापावर ९ च्या वर जाते. अशा पाण्यातून अमोनिया वायू होऊन उडून जातो. उपाय त्या काळीच सापडला होता : पहिला हप्ता पाण्यात न फोकता शेवटच्या चिखलणीत मातीत मिसळावा, उरलेला फुटवे येताना आणि लोंबी धरताना द्यावा, किंवा युरियाच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल दाबाव्यात. हे मजुरीचे काम आहे आणि अनुदानामुळे युरिया स्वस्त आहे. त्यामुळे शेतकरी मजुरी वाचवतो आणि खत जादा टाकतो. जादा नत्राने पाने गडद हिरवी आणि लुसलुशीत होतात, तुडतुड्यांना तीच आवडतात. खताची चूक अशी पुन्हा फवाऱ्याकडे नेते.

मातीचा प्रश्न उघड केला तो संस्थेच्या एका जुन्या खाचराने. १९६३ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन प्रयोगात तेच शेत वर्षातून आधी दोनदा आणि १९६८ पासून तीनदा लावले जात होते. दर काही वर्षांनी त्या काळची सर्वांत चांगली जात घ्यायची, शिफारशीप्रमाणे खत द्यायचे. तरीही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उत्पन्न हळूहळू घसरत गेले. जात नवी, खत पुरेसे, आणि तरी घट. मातीतला एकूण नत्र कमी झालेला नव्हता. बारा महिने पाण्याखाली राहिल्याने मातीतला सेंद्रिय अंश हवेविना कुजत होता आणि त्यात अडकलेला नत्र पिकाला हवा त्या वेळी सुटत नव्हता. शेताला वाळायला विसावा दिला, नत्राची मात्रा आणि वेळ पिकाच्या गरजेशी जुळवली, तेव्हा उत्पन्न पुन्हा वर आले. पाऊस संपल्यावर पुढच्या हंगामापर्यंत वाळणाऱ्या खाचराला हा त्रास नाही. तो सतत पाण्याखाली राहणाऱ्या दुबार-तिबार शेतीचा आहे.

संग्रहातले वाण

नव्या जाती पसरल्या तशा शेतांतल्या जुन्या जाती मागे पडल्या. हा तोटा संस्थेत लवकर ओळखला तो ते-त्झू चांग यांनी. त्यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या जनुकपेढीत आज सव्वा लाखाहून अधिक नमुने आहेत. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीत देशी बियाणे नाहीसे झाले, तेव्हा १९८० च्या दशकात तिथले वाण याच पेढीतून परत पाठवले गेले. पण शीतगृहात बियाणे आहे तसे राहते. शेतातल्या वाणाला दर हंगामात कीड आणि हवामान यांच्याशी जुळवून घ्यावे लागते, ती घडण शीतगृहात थांबते. १९८५ मध्ये फिलिपिन्सच्या शेतकऱ्यांनी आणि काही शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन संस्थेच्या मार्गावर जाहीर टीका केली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘मासिपाग’ संघटनेने देशी वाण शेतकऱ्यांच्याच शेतांत सांभाळण्याचे आणि सुधारण्याचे काम हाती घेतले.

ताळेबंद

१९८२ ते १९८८ या काळात एम. एस. स्वामिनाथन संस्थेचे महासंचालक होते. १९९६ चा जागतिक अन्न पुरस्कार बीचेल आणि खुश यांना मिळाला. २०१८ मध्ये संस्थेचे दक्षिण आशिया केंद्र वाराणसीत सुरू झाले. आज आशियात पाण्याखाली घेतल्या जाणाऱ्या भाताच्या बहुतेक सुधारित जातींत तैवानच्या त्या ठेंगण्या वाणाचे जनुक आहे.

संस्थेच्या कागदांतून एक निष्कर्ष स्पष्ट निघतो. ठेंगण्या ताटाने जे दिले ते टिकले. ते परत घ्यावे असे कोणी म्हणत नाही. महाग पडले ते बियाण्याला जोडून एकाच गाठोड्यात दिलेले बाकीचे : न पाहता फवारायचे औषध, न मोजता टाकायचा युरिया आणि सगळीकडे एकच जात. बियाणे, खत आणि औषध यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगवेगळा ठेवला असता, तर यातला बराच खर्च टळला असता. नव्या जातीबरोबर आज जो संच शेतकऱ्याच्या हाती दिला जातो, त्यातल्या प्रत्येक वस्तूचा नफा-तोटा स्वतंत्र मागून घ्यावा, एवढे तरी या इतिहासातून घेतले पाहिजे.